शोकेसच्या काचेतून स्वतःला बाहेर काढताना

साडीच्या दुकानाच्या शोकेसचा फोटो काढताना सगळं छान दिसत होतं. घरी येऊन मोठा करून पाहिला, तर पैठणीच्या पदरावर मोबाईल धरलेले दोन हात आणि त्यामागे आपलाच पांढरा शर्ट. काढताना हे दिसलं कसं नाही, असा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो, आणि त्याच्या उत्तरातच पुढचे निम्मे उपाय आहेत.

आपलं प्रतिबिंब काचेवर चिकटलेलं नसतं. आपण काचेपासून जितके लांब, तितकंच ते काचेच्या पलीकडे आत असतं. तुम्ही काचेपासून दोन मीटरवर उभे आहात आणि साडी नेसवलेला पुतळा काचेच्या आत अर्ध्या मीटरवर आहे. म्हणजे पुतळा तुमच्यापासून अडीच मीटरवर आणि तुमचं प्रतिबिंब चार मीटरवर. दोन्ही डोळे पुतळ्यावर रोखले की मागचं प्रतिबिंब दुहेरी आणि पुसट होतं, मेंदू ते बाजूला सारतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. त्यातून मोबाईलचा सेन्सर लहान, त्यामुळे अडीच मीटर काय आणि चार मीटर काय, दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. म्हणून फोटो काढण्याआधी एक डोळा मिटून, लेन्स जिथे धरणार तिथूनच काचेकडे बघायचं. लक्ष साडीकडे नाही, साडीतल्या सर्वांत गडद भागाकडे. तिथे तुम्ही सापडाल.

आता यावर सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘पोलरायझर लाव’, म्हणजे लेन्सच्या पुढे बसणारा, फिरवता येणारा फिल्टर. तो सल्ला चुकीचा नाही, पण या तक्रारीवर तो लागू पडत नाही, आणि हे कुणी सांगत नाही. काचेवर प्रकाश तिरपा पडला की परतणाऱ्या प्रकाशाची कंपनं मुख्यतः एकाच दिशेची उरतात. पोलरायझर फिरवून नेमकी ती दिशा अडवता येते. साध्या काचेसाठी हा परिणाम सर्वांत जास्त ५६ अंशांच्या आसपास मिळतो. हा कोन काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजायचा. काचेच्या पृष्ठभागापासून मोजला तर साधारण ३४ अंश. ४५ अंशांवरही फिल्टर उत्तम काम करतो. ३० अंशांवर प्रतिबिंब जेमतेम चाळीसेक टक्क्यांनी कमी होतं. आणि काचेला अगदी सरळ समोरून बघितलं तर परतणाऱ्या प्रकाशाला अशी कुठली ठरावीक दिशाच नसते, त्यामुळे फिल्टर कितीही फिरवा, काही होत नाही. उलट तो दीड ते दोन स्टॉप, म्हणजे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश, प्रकाश खातो तो खातोच.

तुम्ही स्वतः मात्र नेमके त्या सरळ समोरच्या जागेवरच दिसता. समोरच्या इमारतीचं, झाडाचं, आकाशाचं प्रतिबिंब तिरकं येऊ शकतं. तुमचं स्वतःचं कधीच नाही. कारण तुमच्यापासून निघून काचेवर आपटून पुन्हा तुमच्याकडेच यायचं असेल तर प्रकाशाला काचेवर काटकोनातच पडावं लागतं. थोडक्यात, पोलरायझर रस्ता पुसतो, फोटोग्राफर पुसत नाही. ज्या कोनातून तो उत्तम काम करतो, तिथून एरवीही तुम्ही चौकटीत नसता.

मग फोटोग्राफर कुठे सापडतो? लेन्सपासून काचेवर एक लंब टाका. तो लंब जिथे काचेला टेकतो तिथे कॅमेऱ्याचं प्रतिबिंब, आणि त्याच्याभोवती तुमचं. ती जागा काचेबाहेर गेली की तुम्ही फोटोबाहेर गेलात. त्या जागेचा आकारही ठरलेला आहे. काचेवर तुमचं प्रतिबिंब तुमच्या अर्ध्या आकाराची जागा व्यापतं, तुम्ही कितीही मागे जा किंवा पुढे या. विश्वास नसेल तर न्हाणीघरातल्या आरशावर साबणाने आपल्या चेहऱ्याची रेघ काढा आणि मागे सरका. चेहरा त्याच रेघेत बसतो. म्हणजे कोपर बाहेर काढून कॅमेरा धरलेला माणूस सत्तर सेंटिमीटर रुंद असेल, तर काचेवर पस्तीस सेंटिमीटरचा पट्टा जातो. लंबाच्या दोन्ही बाजूंना साडेसतरा-साडेसतरा. कॅमेरा काचेच्या कडेपासून बाहेर तीस सेंटिमीटर नेला तरी पुरे.

वर-खाली सरकून मात्र फारसा फायदा नाही. कॅमेरा काठीवर लावून काचेच्या वरच्या कडेपलीकडे नेला तरी खाली तुमचं अख्खं धड आहेच, आणि ते अर्ध्या उंचीने काचेत उतरतं. सरकायचं ते बाजूला.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातला लक्ष्मी रस्ता, दोन मीटर रुंद शोकेस, शेजारी दुकानाचा खांब किंवा दार. रस्त्याची गर्दी बघता दोन मीटरपेक्षा मागे जाणं म्हणजे रिक्षाच्या पुढ्यात जाणं, म्हणून अंतर दोन मीटरच धरू. साधा माणूस शोकेसच्या मधोमध उभा राहील. आपण खांबासमोर उभं राहायचं, काचेच्या कडेपासून तीस सेंटिमीटर बाहेर. आता महत्त्वाची गोष्ट: कॅमेरा शोकेसकडे वळवायचा नाही. तो भिंतीला समांतरच ठेवायचा. वळवला की शोकेसची जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान होते, आणि चौकोनी चौकट तिरकी दिसते. समांतर ठेवला तर चौकट काटकोनातच राहते, फक्त ती फोटोच्या एका बाजूला सरकते. मग नको तो भाग क्रॉप करायचा.

यासाठी लेन्स रुंद हवी. शोकेसची लांबची कड लंबापासून २.३ मीटरवर आहे. मोबाईलमधली ०.५ची वाइड लेन्स दोन मीटरवरून मधल्या रेषेच्या एका बाजूला साधारण २.६ मीटर पाहते, म्हणजे शोकेस मावते. किंमत एवढीच की फोटोच्या एकूण रुंदीपैकी दोन-पंचमांशाच्या आतबाहेर भाग हाती उरतो. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत रुंदीला चार हजार पिक्सेल असतात, त्यातले दीड हजार वाचतात. दुकानाच्या पानावर टाकायला भरपूर, फ्लेक्सवर छापायला कमी. शिवाय या लेन्सा कडांना किंचित ताणतात, त्यामुळे कडेचा पुतळा जरा जाड दिसतो. दुकानदार ते लगेच ओळखतो.

इमारतींचे फोटो काढणाऱ्यांकडे यासाठी शिफ्ट लेन्स असते. तिच्यात कॅमेरा जागच्या जागी ठेवून लेन्स बाजूला सरकवता येते. २४ मिमीची लेन्स १२ मिमी सरकवली की दोन मीटरवरच्या काचेवर चौकट एक मीटर बाजूला जाते. वरच्या उदाहरणात शोकेस त्यात चपखल बसते आणि क्रॉपमध्ये पिक्सेल फारसे वाया जात नाहीत. महाग आहे, पण भाड्याने मिळते.

या युक्तीची मर्यादा शोकेसच्या खोलीत आहे. काच सरळ दिसते, पण आतल्या वस्तू तुम्ही बाजूने बघताय. पुतळ्याचा एक खांदा पुढे येतो, निऱ्या एका बाजूने दिसतात, जवळची भिंत काही भाग झाकते. वीतभर खोल शोकेसमध्ये हे कळतही नाही. मीटरभर खोल असेल तर चांगलंच कळतं. आणि तुम्ही गेलात तरी तुमच्या जागी काचेत दुसरं काहीतरी येणारच, बहुधा समोरच्या ओळीत लावलेल्या स्कूटर. इथे मात्र पोलरायझरला काम मिळतं. आपल्या उदाहरणात काचेच्या लांबच्या कडेला नजरेचा कोन ४९ अंशांच्या जवळ जातो, तिथे स्कूटर पुसल्या जातील. जवळच्या कडेला तो नऊ अंशही नाही, तिथे जैसे थे. एकाच फोटोत अर्धी काच स्वच्छ आणि अर्धी रस्त्याने भरलेली दिसली तर फिल्टर खराब आहे असं समजू नका, कारण हे आहे.

बाजूला जायला जागाच नसेल, किंवा सरळ समोरूनच फोटो हवा असेल, तर दुसरा मार्ग उजेडाचा. साधी काच आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी दर पृष्ठभागाला चार टक्के परत पाठवते. पुढचा आणि मागचा मिळून आठ. ऐकायला कमी वाटतं. पण उजेड मोजण्याच्या एककात, म्हणजे लक्समध्ये, दुपारी सावलीत बाहेर दहा हजारच्या आसपास उजेड असतो आणि नीट दिवे लावलेल्या शोकेसमध्ये हजार. पांढरा शर्ट ऐंशी टक्के प्रकाश परतवतो असं धरलं, तर काचेतून कॅमेऱ्याकडे येणाऱ्या शर्टाची ताकद दहा हजारचे ऐंशी टक्के, त्याचे आठ टक्के, म्हणजे ६४०. आतली साडी निम्मा प्रकाश परतवते आणि काचेतून बाहेर येताना त्यातला आठ टक्के जातो, म्हणजे ४६०. शर्ट साडीपेक्षा उजळ आहे! तुम्ही उन्हात उभे असाल तर उजेड लाखाच्या घरात जातो आणि शर्ट ६,४०० वर. मग साडी विसराच.

तेच गणित काळ्या शर्टाने करा. काळं सुती कापड पाच टक्के परतवतं, म्हणजे ४०. साडीच्या ४६० पुढे ते जाणवत नाही. पण चेहरा आणि हात काळे नाहीत. त्वचा तीस-पस्तीस टक्के प्रकाश परतवते, म्हणजे अडीचशेच्या आसपास. म्हणून काळे कपडे घालून काढलेल्या फोटोंत हवेत तरंगणारे दोन हात आणि कॅमेऱ्यावरची पांढरी अक्षरं दिसतात. हातमोजे आणि अक्षरांवर काळी टेप, हा हास्यास्पद वाटणारा उपाय व्यावसायिक लोक खरंच करतात. आणि सराफाच्या दुकानात दागिन्यांमागे काळी मखमल असते, तिची स्वतःची ताकद दहासुद्धा भरत नाही. तिच्यासमोर काळ्या शर्टाचे ४०ही ठळक उठतात. शोकेसच्या फोटोंमध्ये सराफी दुकान सगळ्यांत अवघड, ते यामुळे.

याच आकड्यांतून वेळही ठरते. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने, रस्त्यावरचे दिवे लागलेले असताना, बाहेरचा उजेड पन्नासेक लक्सवर येतो. आता तोच पांढरा शर्ट काचेत ३ च्या आसपास, आणि साडी तशीच ४६०. काहीही न करता प्रतिबिंब जवळजवळ गेलं. शोकेसचे दिवे चालू असेपर्यंत आणि रस्त्यावर गाड्यांचे हेडलाइट कमी असतील तेव्हा काढून घ्यायचं. मला विचाराल तर शंभरातल्या नव्वद कामांना एवढंच पुरतं, आणि बाकीची सामग्री घरी ठेवता येते.

दुपारीच काढायचं असेल तर काळा कपडा लागतो. मखमल उत्तम, कारण ती एक टक्क्याच्या आसपासच परतवते; चकाकणारं सॅटिन किंवा अस्तराचं कापड काळं असूनही नको. कापडाला मधे लेन्सपुरतं भोक पाडायचं, कॅमेरा मागे ट्रायपॉडवर, आणि लेन्स भोकातून बाहेर. इथे पुन्हा तो अर्ध्याचा नियम येतो, पण उलटा: कॅमेऱ्याजवळ धरलेलं दीड मीटर रुंद कापड काचेवर फक्त पाऊण मीटर झाकतं. दोन मीटर शोकेससाठी चार मीटर कापड लागेल. फूटपाथवर चार मीटर कापड ताणून उभं राहणं म्हणजे पोलिसाला आमंत्रण.

तिथे एक सुरेख पळवाट आहे. प्रतिबिंब फोटोत नेहमी प्रकाश वाढवतं, कमी कधीच करत नाही. त्यामुळे एकाच जागेवरून काढलेल्या अनेक फोटोंमध्ये प्रत्येक ठिपक्याची सर्वांत गडद नोंद निवडली तर ती सर्वांत कमी प्रतिबिंब असलेली नोंद असते. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवायचा. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करायचे. एक माणूस दीड मीटरचं कापड घेऊन कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला उभा राहील, पहिला फोटो. मग मधे, लेन्स भोकात, दुसरा. मग उजवीकडे, तिसरा. कापडांच्या जागा एकमेकींवर थोड्या चढायला हव्यात, मधे फट नको. तिन्ही फोटो फोटोशॉपमध्ये एकावर एक थर म्हणून ठेवायचे आणि वरच्या दोन थरांचा मोड `Darken` करायचा. जिंपमध्ये याचं नाव `Darken only`. ज्या भागात ज्या फोटोत कापड होतं तो भाग आपोआप निवडला जातो, ब्रश हातात घ्यावा लागत नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. कापड काचेच्या फार जवळ धरलं तर ते बाहेरून शोकेसमध्ये जाणारा उजेडही अडवतं, साडीचा तेवढाच भाग काळवंडतो आणि `Darken` नेमका तोच उचलतो. साडीवर मऊ कडेचा उभा पट्टा दिसला की समजायचं, कापड मागे कॅमेऱ्याजवळ न्यायला हवं. दुसरं, मधेच ढग आला तर तिन्ही फोटोंचा उजेड वेगळा होतो आणि सगळ्यात अंधारा फोटो सगळीकडे जिंकतो. तिन्ही फोटो मिनिटभरात संपवायचे. पंख्याने हलणारा पदर असेल तर दुकानदाराला पंखा बंद करायला सांगायचं, तो करतो.

कापडही नाही आणि मदतीला माणूसही नाही, अशा वेळी सेल्फ टायमर. कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमर दहा सेकंद, आणि आपण खांबामागे. काचेत उरतो फक्त ट्रायपॉड, तोही अर्ध्या आकाराचा. आठ सेंटिमीटरची लेन्स काचेवर चार सेंटिमीटर होते, आणि साध्या कापडावर असेल तर ती नंतर पुसता येते. जरीच्या नक्षीवर असेल तर कॅमेरा वीतभर सरकवून लंब मोकळ्या जागेवर आणायचा, मग टायमर लावायचा.

रेल्वेच्या किंवा विमानाच्या खिडकीला यातलं काहीच लागत नाही. तिथे बाहेरचं दृश्य लांब असतं, त्यामुळे मोबाईल काचेला चिकटवला किंवा लेन्सला रबरी हूड लावून तो काचेवर टेकवला की आतला प्रकाश शिरायला जागाच राहत नाही. शोकेसमध्ये हे चालत नाही, कारण काचेला नाक लावून अख्खी शोकेस दिसत नाही. आतली एकच वस्तू हवी असेल तर मात्र जरूर करा.

आणि काढून झालेल्या एकाच फोटोतून प्रतिबिंब काढायचं असेल तर? त्या फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे साडीचा प्रकाश अधिक तुमचा प्रकाश. बेरीज १० दिली आणि मूळ दोन संख्या विचारल्या तर उत्तरं अनेक असतात, तसंच. म्हणून संशोधकांनी एकाऐवजी अनेक फोटो घेण्याची वाट धरली. २००५ मध्ये अमित अग्रवाल, मूळचे नाशिकचे रमेश रासकर, श्री नायर आणि युआनझेन ली यांनी फ्लॅश लावून आणि न लावून काढलेल्या फोटोंची तुलना करून प्रतिबिंब वेगळं काढण्याची रीत मांडली. २०१५ मध्ये एमआयटी आणि गूगलच्या संशोधकांनी कॅमेरा किंचित हलवत काढलेल्या काही फोटोंचा वापर केला. कॅमेरा सरकला की साडी आणि प्रतिबिंब वेगवेगळ्या वेगाने सरकतात, कारण सुरुवातीला म्हटलं तसं दोघांचं अंतर वेगळं आहे. त्या फरकावरून दोन थर सोडवता येतात. दूरचं दृश्य आणि जवळचं प्रतिबिंब असेल तर हे छान जमतं. साडी अडीच मीटरवर आणि तुम्ही चार मीटरवर, असा माफक फरक असेल तर जास्त हलवावं लागतं, आणि तेवढं हलवलं की पुतळ्याच्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत.

हाताने काम करायचं तर एक गोष्ट आधी तपासा. फोटो मोठा करून प्रतिबिंबाच्या सर्वांत उजळ जागी, बहुधा शर्टाच्या कॉलरवर, खालची जर किंवा विणकाम पुसटसं तरी दिसतंय का बघा. दिसत असेल तर तो भाग निवडून उजेड आणि कॉन्ट्रास्ट सुधारून बरंच परत मिळवता येतं. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद, असेल तर अधिक. ती जागा निखळ पांढरी झाली असेल तर खालची नोंदच झालेली नाही. तिथे शेजारच्या कापडाचा तुकडा आणून चिकटवावा लागतो, आणि पैठणीचा मोर चुकीच्या जागी बसला तर विणकराच्या आधी दुकानदारीणबाईंना कळतं. त्यापेक्षा दिवेलागणीला पुन्हा जाऊन काढणं कमी वेळात होतं.